थांबवलेल्या चित्रातले आजोबा

पंपघर मागे पडलं तेव्हा सिस्टर बुटांवर बोलत होत्या. रोज सकाळी कालव्याच्या कडेने आम्ही दोघी पंपघरापर्यंत जातो आणि परत येतो, जाऊन-येऊन दोन तास. जाताना त्या गुडघ्यांवर बोलतात, येताना बाकीच्या सगळ्यावर. माझं काम हुंकार देण्याचं.

"टाच घट्ट नसेल तर तो बूट नाही, ती चप्पलच. पेशंटला उभं करायचं आणि पायात सपाता! कपाळमोक्ष ठरलेला."

समोरून एक बाई येत होती. आम्हाला ओलांडून गेली आणि वळून परत आली.

"तुम्ही त्या व्हिडिओतल्या ना? कोपऱ्यात बसून 'थांब, थांब' म्हणणाऱ्या?"

सिस्टर अशा खुलल्या की विचारू नका. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अनोळखी माणसाने रस्त्यात ओळखलं होतं. "हो, मीच ती. कळलं ना सगळं नीट? खुर्ची कुठल्या बाजूला ठेवायची ते?"

"अहो, खुर्चीचं राहू द्या. ते आजोबा! डायपरवर लटकलेले! मिनिटभर तसेच! आमच्याकडे सगळे हसून हसून लोळले. माझ्या दिराने तर तेवढाच फोटो काढून सगळ्यांना पाठवला." तिने हसत हात हलवला आणि ती चालू लागली.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. लोक हसतात तशी ती हसली. सिस्टर मात्र रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता, तरी हलेनात. मी दंड धरून त्यांना बाजूला घेतलं.

"कुठले आजोबा?" त्यांनी मला विचारलं. व्हिडिओत एकच आजोबा होते.

* * *

सिस्टर माझ्या शेजारच्या घरात राहतात. एकतीस वर्षं त्यांनी मोठ्या इस्पितळात नोकरी केली, त्यातली शेवटची बारा वर्षं शिकाऊ मुलींना शिकवण्यात गेली. गल्लीत सगळे त्यांना सिस्टरच म्हणतात. त्यांचे यजमानही म्हणतात. लग्नाआधी एकदा पाय मोडून ते त्यांच्याच वॉर्डात पडले होते, तेव्हा लागलेली सवय लग्नानंतर सुटली नाही. "सिस्टर, चहा होतोय का?" असं त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हटलं की नवा पाहुणा दचकतो. "चाळीस वर्षं झाली, अजून डिस्चार्ज मिळाला नाही," असं काका पाहुण्याला सांगतात.

सिस्टरांच्या हाताखाली शिकलेल्या मुली आता स्वतः चाळिशीला आल्या आहेत, पण अजून भेटायला येतात आणि दारातच ताठ उभ्या राहतात. त्यांच्याकडून मी एक गोष्ट पुष्कळदा ऐकली आहे. पेशंटला हात लावण्याआधी पलंगाभोवतीचा पडदा ओढायचा. कितीही घाई असो, माणूस बेशुद्ध असो, नाही तर गेलेलाच असो. एका मुलीने पडदा न ओढता म्हाताऱ्या बाईचे कपडे बदलायला घेतले, तेव्हा सिस्टर काही बोलल्या नाहीत. स्वतःची ओढणी काढून पलंगाजवळच्या दोन खांबांना बांधली आणि निघून गेल्या. ती मुलगी सांगते, "त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं."

निवृत्त झाल्यावर त्यांना फोनचा नाद लागला. घरी आजारी माणसाची सेवा कशी करावी, याचे व्हिडिओ त्या बघत आणि फोनवर ओरडत. "अगं, मान! मानेखाली हात घाल ना, बये!" काका वैतागून एकदा माझ्याकडे आले. "तुझं ते मिक्सिंगचं काम आहे ना? हिचं ओरडणं कुठे तरी भरून घे आणि जगाला ऐकव. मी एकट्याने किती ऐकायचं?"

मी घरी बसून लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग करते. स्टुडिओवाले चित्रीकरण आणून देतात, मी काटछाट करते, गाणी बसवते. पोट त्यावर चालतं. कामाला बसताना देवाचं नाव घेते आणि उठताना परत घेते, कारण आठ तासांचं लग्न दोन तासांत बसवायचं म्हणजे कुणाची ना कुणाची आत्या कापली जाणारच.

सिस्टरांसाठी क्लिप निवडली ती एका मुलीची. विशी-बाविशीची असेल. आजोबांना अर्धांगवायू झालेला, डावी बाजू गेलेली. त्यांना पलंगावरून चाकाच्या खुर्चीत कसं बसवते, हे तिने फोन कपाटावर टेकवून टिपलं होतं. तीन मिनिटांची क्लिप. मुलगी गोड बोलत होती, आजोबांना "राजे, चला" म्हणत होती आणि नेमकं सगळं उलटं करत होती. लाखांवर लोकांनी ते पाहिलं होतं. खाली सगळे लिहीत होते, अशीच नात हवी.

"नात अशीच हवी," सिस्टर म्हणाल्या, "पण आजोबांचा खांदा निखळेल, त्याचं काय?"

मी त्यांना खिडकीजवळ बसवलं, म्हणजे तोंडावर उजेड येईल. समोर लॅपटॉपवर मुलीची क्लिप, शेजारी स्टँडवर माझा फोन, सिस्टरांना टिपायला. कानात इअरफोन घालायला लावले. नाही तर क्लिपमधला आवाज त्यांच्या माइकमध्ये शिरतो आणि मग एकच वाक्य दोनदा, विहिरीत बोलल्यासारखं ऐकू येतं. क्लिप सुरू करताना त्यांना एक टाळी वाजवायला सांगितली, म्हणजे मुलीची क्लिप आणि सिस्टरांचं चित्रीकरण, या दोन्ही पट्ट्या जुळवायला खूण मिळते. बाकी त्यांना एकच शिकवलं. बोलायचं असेल तिथे लॅपटॉपवरची सगळ्यात लांब कळ दाबायची, क्लिप थांबते. बोलून झालं की परत दाबायची.

सिस्टरांनी "थांब!" म्हणत कळ अशी दाबली की लॅपटॉप हलला. "अहो, ती मुलगी नाही, लॅपटॉप आहे," मी म्हटलं.

"ऐकलं ना पण त्याने?"

नऊ ठिकाणी त्या थांबल्या. तीन मिनिटांच्या क्लिपवर पाच मिनिटं बोलल्या. चाकांना ब्रेक लावलेला नाही, थांब. खुर्ची डाव्या बाजूला ठेवली आहे, थांब. जी बाजू धड आहे तिकडे खुर्ची हवी, म्हणजे माणूस स्वतःचा जोर लावू शकतो. सगळ्यात मोठा थांबा पाचवा होता. मुलगी आजोबांना काखेत हात घालून वर ओढते, तो. "काखेत धरायचं नाही म्हणजे नाही. लुळ्या हाताच्या खांद्याला स्नायूंचा आधार उरलेला नसतो, तो नुसता लोंबत असतो. कमरेला रुंद पट्टा बांध, तो धर. त्यांचे पाय जमिनीवर सपाट. त्यांच्या लुळ्या गुडघ्याला तुझा गुडघा लाव, म्हणजे तो दुमडणार नाही. त्यांना पुढे वाकव, नाक पायाच्या बोटांवर आलं की माणूस आपोआप उठतो. मग एक, दोन, तीन." असं बावन्न सेकंद.

माझं काम पुढे. सिस्टरांची पट्टी मी सलग ठेवली, ती कुठे तोडली नाही. तिचं चित्र लहान केलं आणि पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चौकट करून बसवलं. तिच्या मागे मुलीची क्लिप, पूर्ण पडदाभर. जिथे जिथे सिस्टर थांबल्या तिथे क्लिप कापायची, त्या जागचं एक चित्र गोठवायचं आणि सिस्टरांचं बोलणं संपेपर्यंत ते ताणायचं. मग क्लिप पुढे चालू. चालू असताना मुलीचा आवाज बारीक करायचा, म्हणजे दोघी एकमेकींवर बोलत नाहीत.

यात एक खाच असते. माणसाला चूक दिसते, मग तो "थांब" म्हणतो आणि मग बोट कळ दाबतं. तेवढ्यात अर्धा सेकंद जातो आणि चूक पुढे सरकलेली असते. थांबलेल्या चित्रात भलतंच दिसतं, मुलगी कुठे तरी बघतेय वगैरे. म्हणून मी मागे जाते, एकेक चित्र मोजत. एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात. पाचव्या थांब्याला मी अकरा चित्रं मागे गेले. तिथे काखेतले दोन्ही हात अगदी स्वच्छ दिसत होते, बोटं खांद्यात रुतलेली. मी ते चित्र गोठवलं. सिस्टरांना दाखवलं. त्या म्हणाल्या, "हां! हेच. याला म्हणतात पकडलं."

त्याच चित्रात आजोबांचा सदरा छातीपर्यंत वर गेला होता आणि चादर घसरली होती. चालत्या क्लिपमध्ये ते डोळ्याची पापणी लवेपर्यंतही नव्हतं, कुणाला दिसलं नव्हतं. मी ते बावन्न सेकंद सगळ्यांसमोर धरून ठेवलं.

* * *

कालव्यावरून सिस्टर थेट माझ्या घरी आल्या, बूटही न काढता कॉम्प्युटरसमोर बसल्या. "पाचवं लाव."

मी लावलं. आता आमच्या दोघींच्या नजरेत आधी तेच आलं. आजोबा अधांतरी, पाय लोंबताहेत, खाली डायपर, तोंड वासलेलं. शेजारच्या चौकटीत सिस्टर तावातावाने बोट नाचवताहेत.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "मागे मी गेले. ते चित्र मी निवडलं."

"तू लग्नाची चित्रं जुळवणारी बाई. तुला हात दिसले." त्या स्क्रीनकडेच बघत होत्या. "मी काय करत होते? मला विचारलंस ना तू? मी 'हेच' म्हटलं. मला खांदा दिसला. माणूस दिसलाच नाही, बघ."

खाली लोकांनी लिहिलेलं त्या वाचत गेल्या. सिस्टर किती हुशार, सिस्टर काय बोलतात, आणि मधूनमधून हसणारी तोंडं. मग त्यांनी त्या मुलीचं पान उघडायला सांगितलं. ते नव्हतंच. चार दिवसांपूर्वी मुलीने स्वतःचे सगळे व्हिडिओ काढून टाकले होते.

"आता तिला कुणी सांगणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "एकदा बघून हात सुधारत नाहीत. ती आजही त्यांना काखेतच धरत असेल. आणि विचारणार कुणाला? मला?"

तेव्हा मला कळलं की प्रकरण आमच्या लाजेच्या पुढचं आहे. कुठे तरी एका खोलीत एक खांदा होता आणि तो वाचवण्याची वाट आम्हीच बुजवून ठेवली होती.

काका आले. सगळं ऐकून म्हणाले, "ते चित्र बदलून टाका की."

मी समजावलं. मला येतं त्यात तरी, चढवलेल्या व्हिडिओतलं मधलंच एक चित्र काढून दुसरं घालता येत नाही. अख्खा काढायचा, घरी दुरुस्त करायचा, नवा म्हणून चढवायचा. पाहणाऱ्यांचा आकडा परत शून्यापासून.

"चाळीस हजार लोक आहेत, सिस्टर," काका हळूच म्हणाले. त्यांना त्या आकड्याचा फार अभिमान होता. रोज सकाळी तपासायचे.

"म्हणून तर. चाळीस हजार लोक पलंगाभोवती उभे आहेत." सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "काढ."

मी काढला. काकांनी उठून स्वतः चहा टाकला.

* * *

नवा करताना सिस्टर माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या. नऊच्या नऊ थांबे पुन्हा तपासले. चित्र गोठवण्याआधी मी कोपऱ्या-कोपऱ्यातून बोट फिरवत बोलायचं, असं त्यांनी ठरवलं. "वर डावीकडे खिडकी. खाली तांब्या. आजोबांचं तोंड बंद आहे. अंगावर पांघरूण आहे." इस्पितळात पाळी बदलताना खाटेमागून खाट सांगतात, तसं. दुसऱ्या थांब्यात मुलीचे डोळे अर्धे मिटले होते, येड्यासारखी दिसत होती. सिस्टर म्हणाल्या, "पुढचं घे. पोरीला का उगीच."

पाचव्याशी अडलो. मी चित्र मोठं करून फक्त हात आणि खांदा ठेवून बघितलं. हात दिसले, पण पाय गेले, आणि सिस्टरांना पायही दाखवायचे होते, ते जमिनीला टेकलेले नाहीत म्हणून. धूसर करून बघितलं. सिस्टरांनी नाक मुरडलं. "धूसर केलं की लोक जास्त बघतात. तिथे काही तरी आहे, असं ओरडून सांगितल्यासारखं."

मग त्यांनी स्क्रीनवर स्वतःच्या चौकटीला बोट लावलं. "ही हलते का?"

"हलते की. लहानमोठीही होते."

"मग मला तिथे ने."

मी त्यांची चौकट उजव्या कोपऱ्यातून उचलली, आजोबांच्या कमरेवर आणली, जरा रुंद केली. वर काखेतले हात दिसत होते, खाली अधांतरी पावलं दिसत होती, आणि मध्ये सिस्टर. बावन्न सेकंद त्या तिथे बसून शिकवत राहिल्या. बोलणं संपल्यावर, क्लिप पुढे सरकून चादर जागेवर आली की चौकट परत कोपऱ्यात.

सिस्टर ते तीनदा बघत बसल्या. मी मुकाट्याने देवाला हात जोडले. काकांनी खुर्चीमागून वाकून पाहिलं. "शेवटी तू पडदा झालीस तर," असं म्हणाले आणि सिस्टरांनी त्यांना कोपराने ढकललं.

सुरुवातीला त्यांनी नवं बोलणं जोडलं. तिथे चौकट नाही, क्लिप नाही, पूर्ण पडद्यावर त्या एकट्या. "पोरी, मी तुझ्या आजोबांना उघडं टाकलं. तुझ्याकडून धरण्यात चुकलं ते तुला कुणी शिकवलं नव्हतं म्हणून. मला शिकवलेलं होतं." बस, एवढंच. मी म्हटलं, थोडं गोड बोला. "गोड कशाला? औषध आहे."

पण तो व्हिडिओ आम्ही लोकांसाठी चढवला नाही. ज्याच्या हाती दुवा असेल त्यालाच दिसेल, असा ठेवला आणि तो दुवा त्या मुलीला पाठवला. तिचं पान गेलं होतं, पण आमच्या जुन्या व्हिडिओखाली तिने पहिल्या दिवशीच दोन ओळी लिहून ईमेलचा पत्ता ठेवला होता, तो मी व्हिडिओ काढण्याआधी उतरवून घेतला होता. तेव्हा तिने लिहिलं होतं, "धन्यवाद सिस्टर, मी सुधारीन." हसणारे त्यानंतर आले. सिस्टरांनी सोबत लिहायला लावलं, "तू हो म्हणालीस तर लोकांना दाखवू. नाही म्हणालीस तर तुझ्यापुरता."

पाच दिवस काही नाही. सिस्टर फिरायला येत, पण जाताना गुडघ्यांवर बोलेनात आणि येताना कशावरच बोलेनात. सहाव्या दिवशी उत्तर आलं. मी चष्मा लावून त्यांना वाचून दाखवलं.

"खुर्ची उजवीकडे ठेवली. बाबांचा जुना पट्टा बांधला. आजोबा आज स्वतः जोर लावून अर्धे उठले. दोनदा. मला रडू आलं. ते हसले. व्हिडिओ लोकांना दाखवू नका, बाहेर लोक काय बोलतात ते आजोबांना सगळं कळतं. पण मी नवीन टिपून पाठवला तर तुम्ही बघाल का? अजून गुडघ्याचं जमत नाही."

"उजवीकडे ठेवली," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी परत वाचायला लावलं. मग परत. चौथ्यांदा मी फोनच त्यांच्या हातात दिला.

चाळीस हजारांच्या जागी एक बघणारी उरली. काका म्हणाले, टक्केवारी काढली तर शंभर टक्के लोकांना आवडला.

मुलीची नवी क्लिप दोन दिवसांत आली. चादर नीट खोचलेली, सदऱ्याला खाली पिन लावलेली. सिस्टर बघायला बसल्या आणि पहिल्यांदाच बोट कळीवर ठेवून "थांब" न म्हणता शेवटपर्यंत बघत राहिल्या. क्लिप संपल्यावरही कळीवरचं बोट तसंच होतं.

"गुडघा ती चुकीच्या जागी लावतेय," त्या म्हणाल्या. "बोलून कळायचं नाही. करून दाखवायला हवं, आणि तेही टिपायला हवं. पेशंट कुणी तरी लागेल."

"काका आहेत की."

"त्यांना लाज नाही. आणि हसतात." त्या जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. शिकाऊ मुलींकडे त्या कशा बघत असतील, ते मला तेव्हा समजलं. "तू होशील पेशंट? डावी बाजू पूर्ण सैल सोडायची, अजिबात मदत करायची नाही. मी तुला उठवीन, बसवीन, कूस बदलीन, कपडे सारखे करीन."

"होईन."

"ऐक ना पुरतं. चित्रीकरण थांबवायची रिमोटची कळ तुझ्या उजव्या हातात देणार आहे. माझे हात बरोबर पडताहेत का, ते तू बघू नकोस, ते मला येतं. जिथे तुला ओशाळल्यासारखं होईल ना, अगदी थोडंसंसुद्धा, तिथे तू थांबव आणि मला सांग. एकतीस वर्षांत मी कुणालाच ते विचारलं नाही गं. तू सांगशील?"